दिवाळीचं पान ऑगस्टात

लहान प्रकाशनाच्या संकेतस्थळासाठी वर्षभराच्या लेखांचा आराखडा करायला बसलं की बहुतेक ठिकाणी एकच तक्ता तयार होतो. बारा ओळी, प्रत्येक महिन्यापुढे एक विषय आणि त्यापुढे दहा-वीस शोधशब्द. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन, एप्रिलमध्ये जागतिक पुस्तक दिन, ऑक्टोबरमध्ये वाचन प्रेरणा दिन. तक्ता भरलेला दिसतो, पण पुस्तकं त्याने हलत नाहीत. २७ फेब्रुवारीच्या आदल्या रात्री ‘मराठी भाषा दिन’ शोधणाऱ्याला बहुधा शाळेतल्या भाषणाचा मजकूर हवा असतो.

हा तक्ता ज्या समजुतींवर उभा असतो त्या तपासायला एक उदाहरण घेऊ. समजा, दोन माणसं चालवतात असं एक प्रकाशन आहे. त्यांची चालणारी पुस्तकं चार: दिवाळीचा फराळ, उपवासाचे पदार्थ, घरची परसबाग आणि पावसाळ्यातले किल्ले. आराखडा २०२६ सालचा आहे.

गैरसमज: प्रत्येक महिन्याला नवा विषय आणि सारखेच लेख हवेत.

विषय महिन्यातून येत नाही, पुस्तकातून येतो. महिना फक्त त्याची वेळ ठरवतो. या चार पुस्तकांचं वर्ष मांडून पाहिलं तर ते मुळीच सपाट निघत नाही. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, म्हणजे जानेवारीत उपवासाच्या पुस्तकाचं पान तयार हवं. फेब्रुवारी ते एप्रिल परसबाग: आधी उन्हाळ्यात कुंड्या कशा जगवायच्या, मग पावसाआधी माती आणि बियाणं. मार्च-एप्रिलमध्येच किल्ल्यांचीही पानं लिहून ठेवायची, कारण पहिला पाऊस पडला की वाटा आणि मुक्काम शोधणं सुरू होतं. २५ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी जूनअखेर उपवासाच्या पानाची डागडुजी. जुलै-ऑगस्ट हे महिने फराळाच्या लेखनाने भरलेले. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर जवळजवळ रिकामे. ते तसेच ठेवावेत आणि जुनी पानं दुरुस्त करायला वापरावेत. वर्षात वीस-बावीस चांगली पानं झाली तर दोन माणसांच्या संस्थेला पुष्कळ.

गैरसमज: सणाचं लेखन सणाच्या महिन्यात.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. मोठ्या वृत्तपत्राचा लेख काही तासांत शोधनिकालात वर येतो. लहान संकेतस्थळाचं नवं पान नोंदलं जायला, मग हळूहळू वर सरकायला आठवडे, कधी महिने लागतात. वाचकही सणाच्या आधी शोधतो. त्यात पुस्तक टपालाने पोहोचायला चार-सहा दिवस जातात. म्हणून दिवाळीच्या दहा आठवडे आधी पान प्रकाशित झालेलं असावं, असा हिशेब मी धरतो. आधीच स्थिरावलेलं जुनं पान ताजं करायचं असेल तर चार आठवडे पुरतात.

आता यात पंचांग येतं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण पुढे सरकतात. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला जाते, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दहा आठवडे मागे मोजले तर २०२५ साठीची तारीख १२ ऑगस्ट होती, २०२६ साठी ती ३० ऑगस्ट होते. ‘फराळ – ऑक्टोबर’ असं लिहिलेला मागच्या वर्षीचा तक्ता तसाच पुढे ओढला की अडीच आठवड्यांची चूक पहिल्याच दिवशी शिरते. म्हणून तक्त्यात ‘ऑक्टोबर’ऐवजी ‘दिवाळीआधी दहावा आठवडा’ असं लिहावं आणि इंग्रजी तारीख दरवर्षी नव्याने भरावी. परसबाग आणि किल्ले पंचांगाने हलत नाहीत, ते पावसाने हलतात.

गैरसमज: जितके शोधशब्द तितके लेख.

‘चकली भाजणी प्रमाण’, ‘चकलीची भाजणी कशी करायची’, ‘chakli bhajani praman’ या तिन्ही शोधांमागचा प्रश्न एकच आहे: तांदूळ किती, डाळी किती. तीन लेख लिहिले तर ते एकमेकांच्याच वाटेत येतात. शोधयंत्र आज एक दाखवतं, उद्या दुसरं, आणि तिन्ही मागे राहतात. गुगल सर्च कन्सोलमध्ये हे ओळखता येतं. एखादा शोध निवडून ‘पानं’ पाहिली की एकाच शोधाखाली आपलीच दोन-तीन पानं आलटून पालटून दिसतात. उपाय म्हणजे त्यांतलं सगळ्यात भरीव पान ठेवायचं, बाकीच्यांतला उपयोगी मजकूर त्यात घ्यायचा आणि जुने पत्ते त्याच्याकडे वळवायचे. रोमन लिपीत शोधणाऱ्यांसाठी वेगळं पान नको, पण शीर्षकात किंवा पत्त्यात ते रूप एकदा यावं.

दरवर्षी नवं पान काढणं हीसुद्धा याच चुकीची दुसरी बाजू. `/diwali-faral-2025/` असा पत्ता दिला की पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात. `/diwali-faral/` ठेवून आतला मजकूर आणि तारखा बदलल्या की मागच्या वर्षी कमावलेली जागा हातात राहते. उपवासाच्या पानाचं तर हेच करावं. तेच पान महाशिवरात्र, आषाढी, श्रावण आणि नवरात्र असं चार वेळा कामाला येतं.

गैरसमज: साधन ज्याला मोठा आकडा दाखवतं तोच शब्द धरावा.

जाहिरातींवर खर्च न करणाऱ्याला गुगलचा कीवर्ड प्लॅनर ‘१०० ते १ हजार’ अशी ढोबळ पट्टी दाखवतो. गुगल ट्रेंड्समधला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वाधिक बिंदू म्हणजे १००. त्यावरून हंगाम कधी चढतो हे कळतं, माणसं किती हे कळत नाही. मराठी शोधांपुढे तर बरेचदा शून्य दिसतं, पण शोधणारं कुणी नाही असा त्याचा अर्थ नसतो.

आकड्यापेक्षा शोधणारा त्या क्षणी काय करतोय हे पाहावं. ‘चकली तेलात का विरघळते’ असं शोधणारीची कढई गॅसवर आहे. मोहन जास्त झालंय, हे वाचून ती परत जाईल. तिथे पुस्तक विकायला जाऊ नये. ‘फराळाची यादी आणि प्रमाण’ तीन आठवडे आधी शोधणारी मात्र बेत करते आहे. पुस्तकाचं नाव, किंमत आणि नमुन्याची दोन पानं तिच्यासमोर यावीत, भले त्या शोधाचा आकडा लहान असो. शोधशब्द मजकुरात दहादा पेरण्याने मात्र काही होत नाही. पानाच्या मागे लपवलेली कीवर्डची यादी तर गुगल विचारातच घेत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं आहे.

गैरसमज: या ऑक्टोबरची मागच्या ऑक्टोबरशी तुलना केली की निकाल कळतो.

२०२६ च्या ऑक्टोबरअखेर आलेख घसरलेला दिसेल आणि कुणीतरी फराळाचं पान फसलं म्हणेल. दिवाळीच पुढे गेलेली असते. ८ नोव्हेंबरच्या आधीचे सहा आठवडे २१ ऑक्टोबर २०२५ च्या आधीच्या सहा आठवड्यांशी ताडून पाहावेत. सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच माहिती ठेवतं, त्यामुळे जानेवारी २०२७ मध्ये २०२५ च्या दिवाळीआधीचे सुरुवातीचे आठवडे पुसले जाऊ लागतात. रिकाम्या ठेवलेल्या डिसेंबरमध्ये दोन्ही दिवाळ्यांचे आकडे उतरवून घ्यावेत. २०२७ चं लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे, तेव्हा पुढची तुलना पुन्हा उलट्या दिशेने करावी लागेल.