दूध तेवढेच, बिल मात्र चारशे रुपयांनी कमी



आपल्या देणग्यांतून पाड्यावरील काही कुटुंबांना म्हशी घेऊन दिल्या, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यांपैकी एक ताई मध्यंतरी डेअरीचे बिल घेऊन माझ्याकडे आल्या. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या हातात २,३४० रुपये पडले होते, दुसऱ्यात १,९४०. "दूध तेवढंच घातलं, दादा. सचिवानंच पैसे खाल्ले," त्या म्हणाल्या. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले. पण जाब विचारण्याआधी आम्ही दोघांनी संस्थेत बसून संकलनाची नोंदवही पाहिली.

या वहीत प्रत्येक सभासदाची सकाळ-संध्याकाळ नोंद होते: दुधाचे वजन, फॅट, दर आणि रक्कम. म्हशीच्या दुधाचे पैसे या संस्थेत फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर मिळतात. (गाईच्या दुधाला फॅटबरोबर इतर घन पदार्थही मोजतात, तो हिशोब वेगळा.) सोयीसाठी एक किलो फॅटला ८०० रुपये दर धरू. ताईंचे सकाळचे दूध ३ किलो आणि फॅट ६.० टक्के. म्हणजे त्यात १८० ग्रॅम फॅट, त्याचे १४४ रुपये. संध्याकाळी २ किलो, फॅट ७.०, त्याचे ११२ रुपये. दिवसाचे २५६, पंधरा दिवसांचे ३,८४०. त्यातून पशुखाद्याच्या पोत्याचे १,५०० कापले, की हातात २,३४०. पहिले बिल बरोबर जुळले.

दुसऱ्या पंधरवड्यातही कपात तेवढीच होती आणि वजनही तेच. १६ ते २० तारखेपर्यंत फॅटही जुनेच होते. २१ तारखेपासून मात्र सकाळचे ५.० आणि संध्याकाळचे ६.० झाले. त्यामुळे दिवसाचे २५६ ऐवजी २१६ रुपये. दहा दिवसांत चारशे रुपये गेले ते इथे.

आता हे फॅट खरेच उतरले, की उतरवून लिहिले? यासाठी वही दोन बाजूंनी वाचावी लागते. आडवी वाचली की एका सभासदाचे सगळे दिवस दिसतात. उभी वाचली की एका वेळेचे सगळे सभासद. २१ तारखेच्या सकाळचा रकाना आम्ही उभा वाचला. बाकी सर्वांचे फॅट आदल्या दिवसाच्या आसपासच होते. एकदोन दशांशांचा फरक रोजच पडतो, त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. यंत्र बिघडले असते, तर सगळ्यांचेच आकडे खाली आले असते. पण एकट्या ताईंचेच कमी लिहिले असेल, ही शंका उरलीच. म्हणून संध्याकाळी त्यांचे दूध नीट ढवळून, सर्वांसमोर पुन्हा तपासले. फॅट ६.० च निघाले.

मग गोठ्याची चौकशी केली. २० तारखेला ताईंचा थोरला मुलगा वीटभट्टीवर कामाला गेला आणि धार काढायचे काम धाकटीकडे आले. मुलगा आधी रेडकाला पोटभर पाजून मग कास शेवटपर्यंत पिळत असे. धाकटी पान्हा सुटताच रेडकू बाजूला करी, पाच किलोचा नेहमीचा हिशोब भरला की थांबे आणि उरलेले रेडकाला सोडी. मायेपोटीच करत होती बिचारी! पण म्हशीच्या पहिल्या धारा पातळ असतात आणि फॅट बहुतेक शेवटच्या धारांत उतरते. पातळ दूध डेअरीला जात होते आणि घट्ट दूध रेडकाला. रेडकाचा वाटा कमी करायची गरज नव्हती. तो पुन्हा सुरुवातीला द्यायचा होता, एवढेच. तसे केल्यावर चार दिवसांत फॅट पूर्वीवर आले.

याच वहीत एका जुन्या सकाळी मात्र उभा रकानाच खाली आलेला दिसला. जवळजवळ प्रत्येकाचे फॅट अर्ध्या टक्क्याने कमी. त्या दिवशी चूक केंद्राची होती. यंत्राची नळी धुतलेली नसली किंवा दूध न ढवळता तळातून नमुना घेतला, की असे होते, कारण साय वर तरंगते. अशा वेळी गर्बर पद्धतीने, म्हणजे आम्ल घालून काचेच्या नळीत फॅट वेगळे करून, पडताळा घेता येतो. दुसरा पडताळा शीतकेंद्राच्या पावतीचा. सभासदांच्या नोंदींतील एकूण फॅट आणि शीतकेंद्राने मोजलेले फॅट जवळपास जुळले पाहिजे. सभासदांचे नेहमीच कमी आणि तिकडचे नेहमीच जास्त येत असेल, तर मधला पैसा कोणाकडे राहतो हे विचारायलाच हवे. त्या सकाळचा फरक आम्ही सचिवांना दाखवला. त्यांनी शीतकेंद्राची पावती काढून ताळा केला आणि पुढच्या बिलात तो सर्वांना देण्याचे कबूल केले.

आता बिलावर नुसती एकूण रक्कम न छापता रोजचे वजन आणि फॅट छापावे, अशी मागणी ताईंनी आणि इतर सात सभासद बहिणींनी संस्थेकडे लेखी दिली आहे. अर्ज आमच्या संडे स्कूलच्या फळ्यासमोर बसून लिहिला गेला; सह्यांमध्ये तीन अंगठे आहेत.