एका अक्षराएवढं भोक

मोडी वाचता येतं असं कळलं की फोनवर फोटो येऊ लागतात. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला कागद, चार घड्या, मधल्या घडीवर भोक, कोपऱ्यात तेलाचा डाग. खाली प्रश्न एकच असतो : यात काय लिहिलंय? नातू परदेशात असेल तर तो पुढे म्हणतो, इंग्रजीत सांगितलंत तर बरं. आणि वाचणारा फोटो मोठा करून बघता बघता थेट अर्थ सांगायला लागतो. घोटाळा तिथेच सुरू होतो. अर्थ सांगण्याआधी एक पायरी असायला हवी. फोटोत जे दिसतं ते अक्षराला अक्षर बाळबोधीत उतरवायचं. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, कारण आपण मुळात अक्षरं एकेक करून वाचतच नाही. रायशर या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये लोकांना काही अक्षरं क्षणभर दाखवून लगेच झाकून टाकली. तेच अक्षर सुटं दाखवल्यापेक्षा शब्दात दाखवलं तेव्हा लोकांनी ते जास्त अचूक ओळखलं. शब्दाची ओळख अक्षराला हात देते. रोजच्या वाचनात हे वरदान आहे. भोक पडलेल्या कागदावर मात्र हीच सवय दगा देते. मेंदू भोक बुजवतो, आणि बुजवल्याचं आपल्याला कळवतही नाही.

मोडीत त्याला मोकळं रान मिळतं. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, अशी ती लेखनाची पद्धत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'सुत' आणि 'सूत' मोडीत दिसायला एकच. पेशवाईतल्या कागदांच्या धर्तीवर नमुन्यादाखल एक ओळ बनवू. फोटोवरून केलेली तिची पहिली नक्कल अशी असेल :

सु॥[..]सबैनमयावअलफबाबाजीमानेगावीआलेरु५॥[.]द्यावे

चौकटी कंसातला एक ठिपका म्हणजे न वाचता आलेलं एक अक्षर. ठिपके किती, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. त्याच ओळीत, भोकाच्या शेजारी, सलग वाचता येणारा तुकडा मोजायचा. चार सेंटिमीटरमध्ये दहा अक्षरं बसत असतील तर आठ मिलिमीटरच्या भोकात दोन बसतील. वरच्या ओळीवरून माप घेऊ नये. फोन तिरका धरला असेल तर फोटोत एका कडेची अक्षरं लहान झालेली असतात.

आता पहिलं भोक. 'सु॥' म्हणजे सुहूर सन. हे वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहायचे, एकक आधी आणि हजार शेवटी. सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण अकराशे सत्तर आणि वर काहीतरी. ते काहीतरी दोन अक्षरांचं आहे, म्हणून इसन्ने, सलास, खमस, समान असे तीन-तीन अक्षरी शब्द बाद. उरले अर्बा, सित, सबा, तिसा. भोकाच्या डाव्या काठावर 'स'चा माथा शिल्लक आहे असं धरू. मग सहाचा 'सित' किंवा सातचा 'सबा', दोनच शक्यता राहतात.

याच कागदावर खाली 'दुर्मुख नाम संवत्सरे' आणि 'कार्तिक' हे शब्द स्वच्छ वाचता येतात, असंही धरू. दुर्मुख म्हणजे शके १६९८, त्यातला कार्तिक इसवी सन १७७६ मध्ये येतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो. ११७७ अधिक ५९९ बरोबर १७७६. म्हणजे सबा. पण नुसत्या संवत्सरावर विसंबलो असतो तर फसलोही असतो. शक चैत्रात बदलतो आणि सुहूर सन मृगाला. कार्तिकाऐवजी चैत्र असता तर दुर्मुख संवत्सरातच सन अजून 'सित' राहिला असता.

एवढं करूनही नकलेत उघडं 'सबा' लिहायचं नाही. '[सबा?]' लिहायचं आणि समासात टीप द्यायची : 'संवत्सर व महिन्यावरून'. मी हे तर्काने ठरवलं, डोळ्यांनी पाहिलं नाही, हे पुढच्या वाचकाला दिसलं पाहिजे. संक्षेप सोडवला तर वाढवलेली अक्षरं गोल कंसात घालायची, सु(हूर सन). शिलालेख आणि पपायरस संपादणाऱ्या अभ्यासकांनी १९३१ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला अशा खुणांवर एकमत केलं. आपल्याला त्यातल्या एवढ्या पुरतात.

शब्द तोडतानाही हीच शिस्त लागते. 'बाबाजी माने गावी आले' की 'बाबाजी मानेगावी आले'? पहिल्यात माने हे आडनाव आहे, दुसऱ्यात मानेगाव हे गाव. मराठीत वाचताना ही संदिग्धता खपून जाते. इंग्रजीत नेताना एक बाजू घ्यावीच लागते, आणि घेतली की दुसरी शक्यता कायमची पुसली जाते. म्हणून न तोडलेली नक्कल जपून ठेवायची आणि भाषांतराखाली दोन्ही वाचनं द्यायची.

'सु॥'मधले दोन दंड संक्षेपाची खूण, तर 'रु ५॥'मधले तेच दोन दंड अर्ध्याची. म्हणजे साडेपाच रुपये. शेजारी तिसरा दंड असता तर पावणेसहा झाले असते. तसा एक पुसट दंड फोटोत दिसतो असं धरू, पण तो मागच्या पानावरून फुटलेल्या शाईचाही असू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. मागच्या बाजूचा फोटो घ्यायचा, आरशातल्यासारखा उलटा करायचा आणि पुढच्या फोटोवर अर्धपारदर्शक करून ठेवायचा. दंड मागच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळला तर तो इकडचा नाही. तपकिरी डागाखालच्या अक्षरांसाठी फोटोचा फक्त लाल रंगाचा थर काळा-पांढरा करून पाहावा. डाग लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो, म्हणून तिथे तो फिका पडतो. काजळाची शाई काळीच राहते.

उरलं शेवटचं भोक, 'द्यावे'च्या आधी एका अक्षराचं. ते 'न' असू शकतं. मग साडेपाच रुपये द्यायचे नाहीत असा हुकूम होतो. आधीच्या शब्दाचा किंवा रकमेचा शेवटही असू शकतो, किंवा कारकुनाने सोडलेली कोरी जागा. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपल्याला पाठ आहे, पण तिथे निदान अक्षर होतं. इथे काठावर रेघेचा मागमूस नाही आणि कागदात दुसरीकडे या रकमेचा उल्लेखही नाही. त्यामुळे भाषांतरात 'एक अक्षर अवाच्य' एवढं लिहून भागत नाही. वाक्याचा अर्थ होकारी की नकारी ते ठरत नाही, असं स्पष्ट लिहावं लागतं. नातवाला ते आवडत नाही. त्याला वाटतं, वाचणारा कच्चा आहे.

नक्कल झाली की ती शेवटाकडून सुरुवातीकडे, अक्षर अक्षर फोटोशी ताडून पाहावी. उलट वाचताना अर्थ लागत नाही, म्हणून डोळा अक्षरावर टिकतो. संशयाचं अक्षर आलं तर त्याच कागदातली निःसंशय अक्षरं कापून शेजारी ठेवावीत. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं असतं, त्यामुळे पुस्तकातल्या मुळाक्षरांच्या तक्त्यापेक्षा हा घरचा तक्ता जास्त कामाला येतो.

तुमच्या घरात असा कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका आणि फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नका. खिडकीच्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाले तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेघा वाटेतच गळतात. आणि वाचणाऱ्याकडून भाषांतराच्या आधी कंस-ठिपक्यांसकट नक्कल मागून घ्या.