व्याजाची करबचत आणि बाजाराचं माप
लेखमाला : भांडवलाचा हिशेब – लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण भागधारकाच्या पैशाचा दर काढला. या आठवड्यात त्याच्या शेजारी बँकेचं कर्ज मांडायचं आणि दोन्हींचा मिळून एकच दर काढायचा. भांडवलाचा भारित सरासरी खर्च म्हणतात तो हाच. सीए मंडळी त्याला ‘वॅक’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. सूत्र एका ओळीचं आहे. चुका होतात त्या त्यात घातल्या जाणाऱ्या आकड्यांत, आणि त्यातल्या दोन नेहमीच्या आहेत : वजनं ताळेबंदावरून उचलली जातात, आणि व्याजावरची करबचत मिळणारच असं धरलं जातं.

उदाहरणासाठी जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. ती शेअर बाजारात नोंदलेली आहे. ताळेबंदात भागभांडवल २० कोटी आणि राखीव निधी ४० कोटी, म्हणजे मालकांचे ६० कोटी. बँकेचं मुदत कर्ज ३० कोटी, कॅश क्रेडिट ३० कोटी, व्याज ११ टक्के. कॅश क्रेडिट कागदावर वर्षभराचं असतं, म्हणून काही जण ते हिशेबातून वगळतात. पण दरवर्षी नूतनीकरण होऊन तीच मर्यादा वर्षानुवर्षं वापरात राहते, म्हणून ते कर्जातच धरायचं. रेझिन पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी मात्र धरायची नाही, कारण तिचं व्याज खरेदीच्या भावात आधीच मिसळलेलं असतं.

कंपनीचे दोन कोटी शेअर्स आहेत आणि बाजारात भाव ७० रुपये. म्हणजे मालकांच्या हिश्श्याची आजची किंमत १४० कोटी. कर्जाचा व्याजदर बँकेच्या दराबरोबर बदलणारा असल्यामुळे कर्जाची बाजारकिंमत जवळपास दर्शनी रकमेइतकीच, ६० कोटी, धरता येते. एकूण २०० कोटींत भागधारकांचं वजन ७० टक्के आणि कर्जाचं ३० टक्के. ताळेबंदावरून काढलं असतं तर दोन्ही पन्नास-पन्नास टक्के आलं असतं.

ताळेबंदातले ६० कोटी चुकीचे नाहीत, पण ते गेलेल्या काळाचे आहेत. वीस वर्षांपूर्वी दहा रुपयांना विकलेले शेअर्स आणि तेव्हापासून कंपनीत राखून ठेवलेला नफा, एवढंच त्यांत आहे. आज ७० रुपयांना शेअर घेणाऱ्याला परतावा हवा असतो तो सत्तर रुपयांवर. जो दर मागणार त्याने प्रत्यक्ष गुंतवलेल्या रकमेवरच वजन ठरलं पाहिजे. वजनं बाजारभावाने काढण्यामागचं कारण इतकंच आहे.

आता दर. मागच्या लेखातली मांडणी वापरू. सरकारी रोख्याचा दर ७ टक्के, बीटा १.२, बाजाराचा जोखीम-अधिभार ७ टक्के. भागधारकाचा दर १५.४ टक्के येतो. कर्जाचे ११ टक्के मात्र तसेच घ्यायचे नाहीत, कारण व्याज नफ्यातून वजा होऊन मग कर लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आयकर कायद्यात आलेल्या कलम ११५बीएए नुसार कंपनीने सवलती सोडून सवलतीचा दर निवडला असेल, तर २२ टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर मिळून २५.१६८ टक्के होतात. शंभर रुपये व्याज भरलं की पंचवीस रुपयांचा कर वाचतो. म्हणून कर्जाचा खरा दर ८.२३ टक्के. जुन्याच पद्धतीत राहिलेल्या मोठ्या उत्पन्नाच्या कंपनीचा कर ३४.९४ टक्क्यांपर्यंत जायचा. तिथे हेच व्याज ७.१६ टक्क्यांना पडलं असतं. म्हणजे कराचा दर उतरला की उद्योगाला आनंद होतो, पण कर्जाची करबचतही त्याच हिशेबाने आटते.

बाजारवजनांनी वॅक येतो १३.२५ टक्के. ताळेबंदाच्या वजनांनी तोच ११.८२ टक्के. दीड टक्क्याच्या आतबाहेरचा हा फरक किती महत्त्वाचा, ते नव्या मशीनच्या प्रस्तावावर तपासू. एक्स्ट्रूजनची नवी लाइन १० कोटींना पडते आणि आठ वर्षं दरवर्षी करोत्तर २.०५ कोटी रोख देईल असा अंदाज आहे. ११.८२ टक्क्यांनी आजची किंमत काढली तर सुमारे १०.२५ कोटी येते. प्रकल्प पंचवीस लाखांनी फायद्यात. १३.२५ टक्क्यांनी काढली तर ९.७५ कोटी, तोच प्रकल्प पंचवीस लाखांनी तोट्यात. मशीन तेच, बाजारपेठ तीच. निर्णय उलटला तो फक्त वजनं कुठून घेतली यावर.

इथे एक चूक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वारंवार दिसते. २.०५ कोटी काढताना नफ्यातून आधी व्याज वजा केलेलं असतं आणि मग कर. करबचत तर वॅकमध्ये मोजली गेलीच आहे, कारण आपण ११ ऐवजी ८.२३ घेतले. म्हणून रोख प्रवाह काढताना कंपनीवर कर्ज नाहीच असं समजून कर धरायचा आणि व्याज वजा करायचं नाही. रिपोर्टमध्ये ‘व्याज’ ही ओळ करापूर्वी वजा झालेली दिसली आणि पुढे आजची किंमत काढायला वॅक लावलेला असेल, तर कर्जाचा खर्च दोनदा धरला आणि करबचतही दोनदा घेतली असं समजावं.

करबचतीबद्दल मला ठासून सांगायचं आहे ते मात्र वेगळं आहे. ही बचत दोन अटींवर मिळते. पहिली, करपात्र नफा हवा. तोट्यातल्या कंपनीला व्याजावर आज कर वाचत नाही. तोटा पुढे ओढला तर कधीतरी वाचेल, म्हणजे त्याची आजची किंमत कमी. दुसरी अट आपल्याकडे फार कमी लोक सूत्रापर्यंत नेतात. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ४३बी म्हणून आलेला नियम सांगतो की बँकांच्या आणि सार्वजनिक वित्तसंस्थांच्या कर्जावरचं व्याज प्रत्यक्ष भरलं तरच वजावट मिळते. नुसती खतावणीत नोंद करून चालत नाही. थकलेलं व्याज नव्या कर्जात वळतं केलं तर तेही भरलं असं मानलं जात नाही. २०२२च्या वित्त कायद्याने कर्जरोख्यांत वळवण्याचीही तीच गत केली. म्हणजे कंपनीला करबचतीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच ती हातातून निसटते.

जळगावकरांनी हे डोळ्यांसमोर पाहिलं आहे. भवरलाल जैन यांनी स्थापन केलेल्या जैन इरिगेशनने फेब्रुवारी २०१७ मध्ये परदेशी उपकंपनीमार्फत ७.१२५ टक्क्यांनी २० कोटी डॉलरचे पाच वर्षांचे हरित रोखे विकले. २०१८च्या सुरुवातीला शेअर शंभर रुपयांच्या वर होता. २०१९ मध्ये पतमानांकन घसरलं, कर्जफेड थकली, आणि २०२०च्या मार्चमध्ये शेअरचा भाव एक आकडी होता. मार्च २०२२ मध्ये बँकांबरोबरची पुनर्रचना अमलात आली. कर्जाचा एक भाग ०.०१ टक्के व्याजाच्या रोख्यांत बदलला गेला. मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन होऊन कर्जाचा मोठा भार उतरला.

अशा काळात वॅकचं सूत्र यांत्रिकपणे चालवलं तर काय होतं, ते आपल्या काल्पनिक कंपनीवर पाहू. भाव ७० वरून १० वर आला. मालकांची किंमत २० कोटी, कर्ज ६० कोटी, वजनं २५ आणि ७५. जुनेच दर ठेवले तर वॅक उतरतो १०.०२ टक्क्यांवर. कंपनी संकटात आणि भांडवल मात्र स्वस्त झालं, असं हे उत्तर सांगतं. वॅक असा घसरलेला दिसला की समजावं, वजनं बदलली पण दर बदलले नाहीत. कर्ज मालकांच्या किमतीच्या तिप्पट झाल्यावर उरलेल्या भागधारकाची जोखीम किती वाढली, ते बीटात यायला हवं. जुन्या भारातून बीटा मोकळा केला तर ०.९१ येतो, नव्या भाराने पुन्हा चढवला तर २.९५. भागधारकाचा दर २७.६ टक्के होतो आणि वॅक परत १३.१ टक्क्यांवर येतो. कर्ज वाढवून जे काही स्वस्त होतं ते फक्त करबचतीपुरतं, आणि ती बचतही गेली असेल तर दर आणखी वर सरकतो.

०.०१ टक्क्याच्या रोख्यांकडेही नीट पाहावं. त्यांचा खर्च ०.०१ टक्के धरला तर वॅक भलताच खाली जाईल. असा १०० रुपयांचा रोखा सहा वर्षांनी एकरकमी फेडायचा आहे आणि अशा जोखमीला बाजार १२ टक्के मागतो असं धरा. त्याची आजची किंमत साधारण ५१ रुपये. वजनात ५१ घ्यायचे आणि दर १२ टक्के. बँकेने सोडलेलं पाणी किमतीतच उतरलं, ते दरात पुन्हा धरायचं नाही. करात मात्र वजावट मिळेल ती प्रत्यक्ष व्याजाची, म्हणजे जवळपास शून्य. जैन इरिगेशनचे २०११ पासून दोन प्रकारचे शेअर्स आहेत. दुसऱ्या प्रकारात दहा शेअर्सना एक मत. बाजारमूल्य काढताना प्रत्येक प्रकार त्याच्या स्वतःच्या भावाने मोजायचा, साध्या शेअरचा भाव सगळ्यांना लावायचा नाही.

धुळ्यातल्या तेलगिरण्या, जळगावच्या दाळमिल आणि चटईचे कारखाने यांतले बहुतेक बाजारात नोंदलेले नाहीत. मग बाजारभाव आणायचा कुठून? त्याच व्यवसायातल्या नोंदलेल्या कंपन्या घ्याव्यात. पाइपवाल्यांना सुप्रीम इंडस्ट्रीज, फिनोलेक्स, ॲस्ट्रल. मक्याच्या स्टार्चवाल्यांना धुळे जिल्ह्यातच दोंडाईच्याची युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड. व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीच्या नफ्याच्या किती पटीत बाजार त्यांना कर्जासह मोजतो ते पाहायचं, ती पट आपल्या नफ्याला लावायची, कर्ज वजा करायचं, आणि शेअर सहज विकता येत नाहीत म्हणून काही कपात करायची. घरच्या लोकांनी कंपनीला दिलेलं बिनव्याजी अनसिक्युअर्ड लोन फुकट समजू नये. बँकेने ते आपल्या कर्जानंतरच परत करायची अट घातलेली असेल, तर त्याची जोखीम बँकेपेक्षा भागधारकाच्या जवळची आहे, आणि दरही तसाच धरावा.

अशा कंपनीची किंमत दरावर आणि दर किमतीवर अवलंबून, असा गुंता पडतो. त्यासाठी दोन-तीन फेऱ्या माराव्यात : अंदाजी वजनं घ्यायची, दर काढायचा, त्या दराने कंपनीची किंमत काढायची, वजनं सुधारायची. आकडे हलायचे थांबले की थांबावं. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी पुढच्या पाच-सात वर्षांत कर्जाचं जे प्रमाण खरोखर ठेवणार आहोत तेच वजन म्हणून वापरावं. आजच्या ताळेबंदापेक्षा ते पुष्कळ बरं. यातला बीटा मोकळा करून पुन्हा चढवण्याचा भाग इथे भरभर झाला. पुढच्या आठवड्यात तो पाइप कंपन्यांचे आकडे घेऊन सावकाश करू.