शोरूममधले माप आणि घरातली भिंत

मॉड्युलर किचनच्या शोरूममधून मोबाइलवर येणारा छोटा व्हिडिओ फ्लॅटधारकाला साधारण चार गोष्टी सांगतो: माप, माल, वॉरंटी आणि बसवायला लागणारे दिवस. चारही गोष्टी शोरूमच्या सरळ भिंतींपुढे सांगितलेल्या असतात. घरच्या भिंती क्वचितच तितक्या सरळ असतात.

व्हिडिओत दिसणारा ओटा बहुधा 850 ते 900 मिलिमीटर उंच आणि 600 मिलिमीटर खोल असतो. घरच्या भिंतीची लांबी मात्र तीन उंचींवर मोजावी लागते. समजा, दोन भिंतींमधले अंतर खाली 2400, ओट्याजवळ 2392 आणि वर 2385 मिलिमीटर भरले. खालची कपाटे ओट्याच्या उंचीपर्यंतच जातात, म्हणून त्यांच्यासाठी 2392 हे माप धरायचे. 600, 900, 600 आणि बाटल्यांच्या पुलआउटसाठी 200 अशी कपाटे घेतली, तर 2300 होतात. उरलेल्या 92 मिलिमीटरमध्ये फिलर, म्हणजे अरुंद पट्टी, येते. ती भिंतीचा वाकडेपणा झाकते आणि कोपऱ्यातला दरवाजा भिंतीला न अडकता उघडू देते. हे मोजमाप टाइल्स लागल्यावरच घ्यावे. आधी घेतले, तर टाइल आणि तिच्यामागचा थर मिळून दोन्ही बाजूंनी जागा खातात आणि कारखान्यातून आलेले कपाट बसतच नाही.

मालाबाबत व्हिडिओत दिसतो तो चकचकीत लॅमिनेट किंवा अॅक्रिलिकचा दरवाजा. किचनचे आयुष्य ठरते ते आतल्या खोक्यावर, त्यातही सिंकखालच्या. पार्टिकल बोर्डच्या कडेला पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. तिथे आयएस 710 दर्जाचे मरीन प्लाय अधिक टिकते. कापलेल्या तुकड्याची कड पाहिली की फरक कळतो: प्लायमध्ये एकावर एक थर दिसतात, पार्टिकल बोर्डात लाकडाचा भुगा. प्लायच्याही सगळ्या कडा, पाइपसाठी पाडलेल्या भोकांसकट, बंद केलेल्या असाव्या लागतात.

‘दहा वर्षे वॉरंटी’ हे शब्द बहुतेकदा एकाच भागाला लागू असतात. बिजागरी आणि ड्रॉवरच्या चॅनेलची मुदत त्यांच्या कंपनीची, खोक्याची मुदत वेगळी. पाणी गळून झालेले नुकसान अनेकदा वॉरंटीतून वगळलेले असते, आणि स्वयंपाकघरात हेच नुकसान सर्वांत जास्त होते. म्हणून प्रत्येक भागाची मुदत आणि वगळलेल्या बाबी कोटेशनवर लिहून घेणे गरजेचे ठरते.

दिवसांच्या आकड्यातही अशीच गफलत होते. प्रत्यक्ष फिटिंग दोन-चार दिवसांत उरकते, पण त्याआधी कारखान्यातल्या कामाला कित्येक आठवडे लागतात. ते आठवडे आगाऊ रकमेच्या तारखेपासून मोजायचे की अंतिम मापावर सही झाल्यापासून, हे आधी ठरवावे लागते. फिटिंगच्या दिवशी नळाचे पाइप, चिमणीचे भोक आणि विजेचे पॉइंट आराखड्याप्रमाणे तयार नसतील, तर कारागीर परत जातात आणि पुढची तारीख त्यांच्या सोयीने मिळते.