पुरवठादाराची तिमाही गुणपत्रिका

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांत कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, इथे त्यावर मशिनिंग होतं आणि तयार भाग पुढे वाहन कंपन्यांकडे जातो. फाउंड्रीबद्दल मत विचारलं तर परचेसवाला म्हणतो, ‘माणूस चांगला, रेटही बरा.’ क्वालिटीवाला म्हणतो, ‘रिजेक्शन फार आहे.’ दोघेही आपापल्या आठवणीवर बोलत असतात. त्या आठवणींच्या जागी मोजमाप यावं, म्हणून दर तीन महिन्यांनी पुरवठादाराची गुणपत्रिका करतात. तिच्यात वेळेवर पुरवठ्याला 40, गुणवत्तेला 40 आणि प्रतिसादाला 20 गुण अशी विभागणी चालू शकते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एप्रिल ते जून या तिमाहीत एका फाउंड्रीकडून 40 लॉट येणं होतं. त्यांपैकी 34 ठरलेल्या दिवशी आणि पूर्ण संख्येत आले. म्हणजे 85 टक्के, आणि 40 पैकी 34 गुण. अर्धा लॉट वेळेवर आणि अर्धा चार दिवसांनी आला, तर तो उशिराच धरायचा, कारण मशीन अर्ध्या मालावर थांबतं.

गुणवत्तेत मात्र टक्केवारी फसवते. 12,000 नगांपैकी 60 नाकारले गेले, म्हणजे 99.5 टक्के माल चांगला. या पद्धतीने जवळपास प्रत्येक पुरवठादार 98-99 वर बसतो आणि चांगला-वाईट फरक दिसतच नाही. म्हणून उद्योगात दर दहा लाख नगांमागे किती नाकारले, हे मोजतात. त्याला पीपीएम म्हणतात. इथे तो आकडा 5,000 येतो. मग टप्पे ठरवायचे: 1,000 पर्यंत पूर्ण 40 गुण, त्यापुढे 3,000 पर्यंत 30, त्यापुढे 6,000 पर्यंत 20 आणि त्याहून जास्त असेल तर शून्य. आपल्या फाउंड्रीला 20 मिळतात.

प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं नव्हे. तक्रार गेल्यावर 24 तासांत सदोष माल वेगळा करून बदली माल देण्याची सोय झाली का, आणि 14 दिवसांत मूळ कारण शोधून उपाय लेखी आला का, एवढंच बघायचं. चार तक्रारींत अशा आठ मुदती होत्या. त्यांतल्या सहा पाळल्या गेल्या, म्हणून 20 पैकी 15 गुण. एकूण झाले 69. सत्तरच्या खाली ‘क’ श्रेणी ठरवली असेल, तर या फाउंड्रीला नवीन काम मिळणार नाही.

इथे थांबून आकड्यांच्या मागे बघायला हवं, आणि तिमाही बैठक त्यासाठीच असते. उशिरा आलेल्या सहा लॉटची चलनं काढली, तर दोन लॉटचं शेड्यूल आपणच पुरवठ्याच्या तीन दिवस आधी बदललेलं निघतं. ते दोन हिशेबातून वगळले की 38 पैकी 34 लॉट वेळेवर ठरतात, वेळेचे गुण 35.8 होतात आणि एकूण बेरीज 70.8 वर जाते. श्रेणी ‘क’ची ‘ब’ होते. तारीखही कोणती धरायची, हे आधीच ठरवलेलं हवं. ट्रक शनिवारी संध्याकाळी गेटवर आला आणि स्टोअरने पावती सोमवारी केली, तर तो उशीर फाउंड्रीचा नाही. म्हणून गेट एंट्रीची तारीख धरावी.

नाकारलेल्या 60 नगांचंही तसंच. हीट नंबर तपासल्यावर त्यांतले 48 एकाच लॉटचे निघाले, तर ती रोजची ढिलाई नसून त्या दिवशी घडलेलं काहीतरी आहे. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की धातूत वायू अडकून ब्लोहोल पडतात, आणि पुष्कळदा ते मशिनिंगमध्ये वरचा थर निघाल्यावरच उघडे पडतात. असा नग आपल्या मशीनवर सापडला तरी दोष फाउंड्रीचाच. पण टूल तुटून खराब झालेला नग तिच्या खात्यावर टाकणं ही अप्रामाणिकता आहे.

या गुणपत्रिकेला एक मर्यादा आहे. ज्या पुरवठादाराचे तिमाहीत तीनच लॉट येतात, त्याचा एक लॉट चुकला की तो थेट 67 टक्क्यांवर येतो. अशांसाठी मागच्या चार तिमाहींचा एकत्र हिशेब धरावा.

तिमाही सुरू होण्याआधी हे सगळे नियम पुरवठादाराला लेखी द्या आणि महिन्याच्या शेवटी त्याचे आकडे त्याला पाठवा, म्हणजे बैठकीत वाद आकड्यांवर न होता उपायांवर चर्चा होईल. त्याच बैठकीत आपल्या बाजूचाही हिशेब ठेवा: शेड्यूल किती वेळा बदललं, बिलं वेळेत दिली का. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ते न पाळणाऱ्या खरेदीदाराला पुरवठादाराकडून वेळेचे गुण मागण्याचा अधिकार नाही.