पाचवी लाट अडखळते तेव्हा

सोमवार, 22 ऑक्टोबर 1962. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे बसवली जात असल्याचे केनेडींनी संध्याकाळी टीव्हीवरून देशाला सांगितले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक 558.06 वर बंद झाला. अणुयुद्ध दाराशी येऊन ठेपले होते, तरी 26 जूनचा 535.76 हा नीचांक तुटला नाही. बाजार त्याच्या 22 अंश वरच थांबला आणि तिथूनच फिरला.

चार्ट वाचणाऱ्यांच्या जगात हे ‘ट्रंकेटेड फिफ्थ’चे, म्हणजे तोकड्या राहिलेल्या पाचव्या लाटेचे गाजलेले उदाहरण आहे. राल्फ नेल्सन एलियट या अमेरिकी हिशेबतपासनिसाने 1930 च्या दशकात मांडलेला सिद्धांत असा, की भाव एका दिशेने मोठी मजल मारतो तेव्हा ती पाच लाटांत मारतो. पहिली, तिसरी आणि पाचवी लाट पुढे नेते. दुसरी आणि चौथी थोडे मागे खेचते. पाचवीने तिसरीचे टोक ओलांडावे अशी अपेक्षा असते. मंदीत ते टोक म्हणजे नीचांक. पाचवीला तिथवरही पोहोचता आले नाही, तर विकणाऱ्यांचा जोर सरला असे मानतात.

1962 मध्ये तिसरी लाट प्रचंड होती. एकट्या 28 मे रोजी डाऊ 34.95 अंशांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास घसरला होता. घाबरून विकायचे असलेल्यांनी तेव्हाच विकून टाकले होते. ऑक्टोबरमध्ये बातमी कितीतरी अधिक भीषण होती, पण विकायला माणसे उरली नव्हती. इतक्या जोरकस तिसरीनंतरच पाचवी तोकडी राहण्याची शक्यता जास्त असते.

थकव्याची दुसरी खूण जास्त वेळा दिसते आणि ओळखायलाही सोपी असते. तिला ‘एंडिंग डायगोनल’ म्हणतात. यात पाचवी लाट तोकडी पडत नाही, ती पाचरीच्या आकारात रखडते. समजा, एका शेअरची पाचवी लाट 100 रुपयांपासून सुरू झाली. भाव 120 ला गेला, 107 ला उतरला, मग 123, मग 113 आणि शेवटी 127. वरच्या प्रत्येक मजलीची लांबी पाहा: आधी 20, मग 16, मग 14 रुपये. दर वेळी नवा उच्चांक होतो, दूरचित्रवाणीवर तेजीच्या गप्पा रंगतात, पण प्रत्येक उच्चांकासाठी होणारी वाटचाल आखूड होत जाते. शिवाय 113 चा तळ 120 च्या खाली आहे. एलियटच्या नियमानुसार साध्या पाच लाटांत चौथीने पहिलीच्या हद्दीत शिरायचे नसते. डायगोनलमध्ये ती शिरते. त्यातली प्रत्येक उपलाट आतून पाचांऐवजी तीन तुकड्यांची असते. माथे जोडणारी आणि तळ जोडणारी, अशा दोन रेषा ओढल्या की त्या एकमेकींकडे झुकतात. शेवटच्या उसळीत भाव कधीकधी वरची रेषा क्षणभर ओलांडतो आणि लगेच आत परततो.

मग खालची रेषा तुटते. अशा वेळी भाव बहुधा डायगोनल जिथून सुरू झाला तिथे, इथे 100 च्या आसपास, परततो आणि चढायला लागला त्यापेक्षा बराच कमी वेळ घेतो. अनुभवी ट्रेडर खालची रेषा तुटेपर्यंत थांबतात, कारण रेषा एकमेकींकडे झुकल्या म्हणून घाईने विकणाऱ्याला आणखी एखादी उसळी सहज गाठते.

मोजणी चुकली हे कळते कसे? वरच्या उदाहरणात शेवटची मजल 113 पासून 16 रुपयांहून लांब झाली, म्हणजे भाव 129 च्या पुढे गेला, तर तिसरी सर्वांत आखूड ठरते. एलियटचा नियम ते चालवून घेत नाही. मोजणी तिथेच रद्द, आणि स्टॉपलॉसही त्याच्या थोडा वर. इतका नेमका आकडा हाती असणे, ही या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू आहे.

तोकड्या पाचवीत असा आधार कमी मिळतो. तिसरीच्या टोकाआधी भाव वळला, तरी तो पुन्हा खाली जाणार नाही याची खात्री त्या दिवशी कुणालाच नसते. चौथीचे टोक ओलांडले गेले की अंदाज पक्का होतो, पण तोवर बरीचशी चाल होऊन गेलेली असते. डाऊ 1962 च्या अखेरीस 652.10 वर होता आणि फेब्रुवारी 1966 मध्ये 995 वर पोहोचला.

शिवाय त्याच चार्टवर वेगळी मोजणीही करता येते: मंदी जूनमध्येच संपली आणि ऑक्टोबरची घसरण ही नव्या तेजीतली दुसरी लाट होती. निवाडा ऑगस्ट ते ऑक्टोबर या उताराच्या आतल्या रचनेवर ठरतो. त्यात पाच उपलाटा असतील तर ती तोकडी पाचवी, तीनच असतील तर नुसती माघार. रोजच्या भावांवर दोन जाणकार या उपलाटा मोजायला बसले, तर आकडा एकच येईल याचा भरवसा नाही. त्यातच 28 ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे मान्य केले. विकणारे आधीच थकले होते की सुटकेच्या बातमीने बाजार उचलला, हे एका चार्टवरून सिद्ध होत नाही.