संकलकाकडे चित्रीकरण पाठवताना: फाइल आणि फोल्डर यांच्या नावांची शिस्त

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेत रासायनिक बुरशीनाशक प्रथम, कीटकनाशक त्यानंतर आणि रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी लावले जाते. हा क्रम उलटला, तर बियाण्यावर आधीच बसलेले जिवाणू रसायनाच्या थेट संपर्कात येऊन मरतात. कृषी विस्तार कार्यकर्त्याला हे सांगावे लागत नाही. मात्र त्याने केलेल्या चित्रीकरणावरून चित्रफीत तयार करणारा संकलक बहुधा शहरात बसून काम करणारा असतो आणि त्याने बीजप्रक्रिया कधी पाहिलेली नसते. ताडपत्रीवर बियाणे चोळणारे हात त्याला तिन्ही टप्प्यांत सारखेच दिसतात. फाइलीचे नाव केवळ `MVI_0012.MP4` असेल, तर तो अंदाजाने क्रम लावतो आणि चुकीची शिफारस शेकडो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. नावात टप्पा लिहिलेला असेल, तर अंदाजाची गरजच उरत नाही.

एक उदाहरण

समजा, एका कृषी विज्ञान केंद्राला उगवणशक्ती चाचणी आणि बीजप्रक्रिया यांवर सात मिनिटांची चित्रफीत करावयाची आहे. १ जून २०२४ रोजी ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी केली. ९ जून रोजी गुंडाळी उघडून अंकुर मोजले. १० जून रोजी बीजप्रक्रियेचे चित्रीकरण केले. कॅमेरे दोन होते: मुख्य कॅमेरा आणि जवळची दृश्ये टिपणारा दुसरा कॅमेरा. निवेदकाचा आवाज वेगळ्या ध्वनिमुद्रकावर घेतला.

कॅमेरे आपल्या फाइलींना स्वतःच क्रमांक देतात. त्यामुळे दोन्ही कार्डांवर `MVI_0012.MP4` असू शकते. दोन्ही कार्डे एकाच फोल्डरमध्ये उतरवली, की संगणक जुनी फाइल बदलायची का, असे विचारतो. घाईत ‘होय’ म्हटले, तर एक दृश्य कायमचे जाते. म्हणून प्रत्येक कार्ड प्रथम स्वतंत्र फोल्डरमध्ये, आहे तसेच, दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे. नावे बदलण्याचे काम तिसऱ्या प्रतीवर करावे. मूळ प्रतींना हात लावू नये आणि चित्रफीत पूर्ण होईपर्यंत त्या पुसू नयेत.

फोल्डरची मांडणी

```
2024-06_Soyabean_Beejprakriya/
  00_Aadhi_Vacha.txt
  01_Footage/
    S01_Ugavan_Din0/
    S02_Ugavan_Din8/
    S03_Beejprakriya/
  02_Audio/
  03_Music/
  04_Notes/
```

फोल्डर आणि फाइल यांची नावे रोमन लिपीत ठेवणे सोयीचे असते. देवनागरी नावे एका संगणकावर नीट दिसतात, पण झिप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर कधीकधी त्यांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. नावात मोकळी जागा न सोडता `_` वापरावे. `/`, `:` आणि `?` ही चिन्हे टाळावीत, कारण विंडोज ती नावात स्वीकारत नाही. क्रमांक 01, 02 असेच लिहावेत. अन्यथा अनेक ठिकाणी 10 हा क्रमांक 2 च्या आधी लागतो.

नावातील चार भाग

प्रत्येक दृश्याच्या नावात प्रसंग, तारीख, कॅमेरा आणि मूळ क्रमांक एवढेच असावे.

```
S03a_burshinashak_2024-06-10_A_0012.MP4
S03b_kitaknashak_2024-06-10_A_0015.MP4
S03c_jivanu_2024-06-10_B_0012.MP4
```

`S03` हा संहितेतील तिसरा प्रसंग आणि त्यापुढील a, b, c हे त्यातील टप्पे आहेत. फाइली नावानुसार लावल्या, की बीजप्रक्रियेचा योग्य क्रम आपोआप समोर येतो. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास ती कालक्रमाने लागते. A आणि B ही कॅमेऱ्यांची अक्षरे आहेत. शेवटचा क्रमांक कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक असतो. तो कायम ठेवल्याने शंका आल्यास मूळ कार्डावरील दृश्य लगेच सापडते. विंडोजमध्ये अनेक फाइली एकत्र निवडून नाव बदलल्यास (1), (2) असे नवे क्रमांक येतात आणि मूळ क्रमांक नाहीसा होतो. म्हणून तो मार्ग येथे उपयोगाचा नाही.

उगवणशक्तीच्या प्रसंगात तारखेला विशेष महत्त्व आहे. एखाद्याने सहाव्या दिवशीही गुंडाळी उघडून चित्रीकरण केले असेल, तर दोन दिवसांचे अंकुर संकलकाला सारखेच वाटतील. निवेदनात आठव्या दिवसाची मोजणी आणि पडद्यावर सहाव्या दिवसाचे अंकुर, असा विसंवाद मग घडतो. चित्रीकरणापूर्वी कॅमेऱ्यातील घड्याळ तपासावे. ते चुकलेले असेल, तर तारीख नोंदवहीवरून लिहावी.

काही कॅमेऱ्यांत एकाच दृश्याची माहिती अनेक फाइलींत विभागलेली असते. तेथे आतील फाइलींची नावे बदलू नयेत. केवळ बाहेरील फोल्डरला प्रसंग, तारीख आणि कॅमेऱ्याचे अक्षर द्यावे.

ध्वनी, संगीत आणि टिपणे

ध्वनिमुद्रकावरील `ZOOM0004.WAV` या फाइलीला दृश्याचाच प्रसंगक्रमांक द्यावा: `S03c_nivedan_2024-06-10_0004.WAV`. संगीताच्या नावात ते कोठून घेतले हेही असावे आणि परवान्याची फाइल त्याच नावाने शेजारी ठेवावी. काही संगीत विनामूल्य असले, तरी श्रेय देण्याची अट असते. ती अट फाइलीसोबत पोहोचली नाही, तर श्रेयनामावलीत राहून जाते.

टिपणांच्या फोल्डरमध्ये निवेदन, पडद्यावर दिसणारा मजकूर आणि व्यक्तींची नावे असावीत. हा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही आणि संकलक तो ऐकून पुन्हा टंकतो. औषधाचे नाव किंवा मात्रा तेथेच चुकते. मात्रेचा मजकूर शास्त्रज्ञाने तपासल्यावर त्याच्या नावात तारीख आणि आवृत्ती लिहावी: `Matra_2024-06-12_v02.txt`. ‘फायनल’ हा शब्द टाळावा. त्यानंतर दुरुस्ती निघाली, तर दोन ‘फायनल’मधून निवड करणे संकलकाच्या नशिबी येते.

पाठवताना आणि पाठवल्यानंतर

दृश्ये व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नयेत. तेथे त्यांचा दर्जा घटतो आणि नावही बदलते. ऑनलाइन साठवणूक किंवा हार्ड डिस्क वापरावी. `00_Aadhi_Vacha.txt` मध्ये अक्षरांचा अर्थ, प्रत्येक फोल्डरमधील फाइलींची संख्या आणि एकूण आकार लिहावा. संकलकाने तो ताडून पाहिला, की वाटेत काही राहिले का हे त्याच दिवशी कळते.

संकलन सुरू झाल्यावर कोणतेही नाव बदलू नये. संकलनाचे सॉफ्टवेअर फाइलीला तिच्या नावावरून आणि जागेवरून शोधते; दोहोंपैकी एक बदलले, तर दृश्याच्या जागी `Media Offline` अशी सूचना दिसते. नवे चित्रीकरण पाठवायचे असल्यास जुन्या फोल्डरमध्ये न मिसळता `01_Footage_2024-06-18` असा वेगळा फोल्डर करावा.

पहिली कच्ची चित्रफीत आली, की तिसऱ्या प्रसंगातील दृश्ये बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक याच क्रमाने आहेत ना, हे शास्त्रज्ञाने स्वतः पाहावे. नाव देणाऱ्यानेच चुकीचा टप्पा लिहिला असेल, तर संकलक ती चूक विश्वासाने पुढे नेतो. ती पकडणे बीजप्रक्रिया जाणणाऱ्यालाच शक्य असते.